'शुगर-फ्री'च्या पाकिटात आणखी काय असतं? मधुमेहींसाठी गोडव्याच्या पर्यायांचा हिशेब

मधुमेह असलेला माणूस स्वीटनरबद्दल बहुधा पहिला प्रश्न विचारतो तो "हे सुरक्षित आहे का?" हा. प्रश्न रास्त आहे आणि त्याच्याकडे आपण येऊच. पण आज दुपारी ग्लुकोमीटरवर कोणता आकडा दिसेल, हे ठरवणारा प्रश्न वेगळा आहे: त्या गोड पदार्थासोबत पाकिटात आणखी काय भरलंय? सुक्रालोज, ॲस्पार्टेम, सॅकरिन किंवा स्टीव्हियाचा अर्क स्वतः रक्तातली साखर जवळजवळ वाढवत नाही. साखर वाढवतात ते त्यांचे सोबती, म्हणजे पीठ, दूध, माल्टोडेक्स्ट्रिन, माल्टिटॉल. त्यामुळे आधी पाकीट वाचायला शिकू, मग घरच्या घरी तपासून पाहू आणि त्यानंतर संशोधनात काय पक्कं आहे, काय अधांतरी आहे ते बघू.

आधी दोन गट वेगळे करा

पहिला गट तीव्र गोडीच्या पदार्थांचा. ॲस्पार्टेम आणि ॲसेसल्फेम-के साखरेपेक्षा साधारण २०० पट गोड, स्टीव्हियातली ग्लायकोसाइड्स २०० ते ३०० पट, सॅकरिन ३०० ते ४०० पट आणि सुक्रालोज ६०० पट. इतक्या गोडीमुळे ते मिलिग्रॅममध्ये पुरतात. चमचाभर साखरेची गोडी सात-आठ मिलिग्रॅम सुक्रालोजमध्ये येते. एवढीशी भुकटी चिमटीत धरता येत नाही, मोजता तर त्याहून येत नाही, म्हणून ती कशात तरी मिसळून विकावी लागते. पुढचा बराच घोळ इथूनच सुरू होतो.

दुसरा गट पॉलिऑलचा: माल्टिटॉल, सॉर्बिटॉल, झायलिटॉल, इरिथ्रिटॉल. यांची गोडी साखरेच्या आसपास किंवा थोडी कमी असते, त्यामुळे ते ग्रॅममध्ये वापरले जातात आणि पदार्थाला वजन व पोत देतात. साखरेतून ग्रॅममागे ४ कॅलरी मिळतात, तर माल्टिटॉल, सॉर्बिटॉल आणि झायलिटॉलमधून साधारण २.४. म्हणजे ते अर्धवट पचतात आणि साखर वाढवतात, पण हळू आणि कमी. त्यातल्या त्यात जास्त वाढवतो तो माल्टिटॉल, आणि बिस्किटं-चॉकलेटांत बहुधा तोच सापडतो, कारण तो साखरेची सगळ्यात जवळची नक्कल करतो. इरिथ्रिटॉल मात्र वेगळा आहे. त्याचा बहुतेक भाग रक्तात शोषला जातो आणि न बदलता लघवीवाटे बाहेर पडतो. साखर वाढत नाही, कॅलरीही नगण्य.

फ्रुक्टोज यांपैकी कशातच बसत नाही. त्यामुळे रक्तातली साखर लगेच फारशी उसळत नाही, म्हणून एके काळी 'मधुमेहींची साखर' म्हणून त्याचा प्रचार झाला. पण ती साखरच आहे. ग्रॅममागे ४ कॅलरी आहेतच, आणि मोठ्या मात्रेत घेतल्यास रक्तातले ट्रायग्लिसराइड्स वाढतात. मध, गूळ आणि अगाव्ह सिरपलाही साखर म्हणूनच मोजा.

पाकीट कसं वाचायचं

समोरच्या बाजूची मोठी अक्षरं सोडून द्या आणि थेट घटकयादीवर जा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. टेबलावरच्या पुडीत पहिलं नाव डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन असेल, तर पुडीचं बहुतेक वजन त्याचंच आहे. डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोज. माल्टोडेक्स्ट्रिन ही पिष्टमय पदार्थापासून बनवलेली साखळी असते, आणि ती आतड्यात इतक्या वेगाने तुटते की रक्तात ग्लुकोजसारखीच चढते. एका ग्रॅमच्या पुडीत साधारण १२ मिलिग्रॅम सुक्रालोज असतं, बाकी सगळा हा भराव. तरीही त्यावर 'शून्य कॅलरी' छापता येतं, कारण एका वाढणीत ५ पेक्षा कमी कॅलरी असतील तर तसं लिहायला अमेरिकेसारख्या देशांचे नियम परवानगी देतात.

दिवसाला दोन-तीन पुड्यांनी काही बिघडत नाही. गडबड होते ती 'कपाला कप' मापाने साखरेच्या जागी वापरायच्या दाणेदार सुक्रालोजमुळे. त्यात एका चमच्यामागे साधारण अर्धा ग्रॅम कर्बोदक असतं. कपात ४८ छोटे चमचे मावतात, म्हणजे एका कपामागे २४ ग्रॅम कर्बोदक, जवळपास १०० कॅलरी. कपभर साखरेतल्या २०० ग्रॅमपुढे हे फारच थोडं आहे, पण शून्य नाही. भराव टाळायचाच असेल तर छोट्या गोळ्या किंवा थेंबांच्या रूपातलं स्वीटनर घ्या. त्यात भराव नसतोच म्हटलं तरी चालेल.

नावांऐवजी क्रमांक छापलेले असतील तर एवढे लक्षात ठेवा: ९५० ॲसेसल्फेम-के, ९५१ ॲस्पार्टेम, ९५४ सॅकरिन, ९५५ सुक्रालोज, ९६० स्टीव्हिया. पॉलिऑलमध्ये ४२० सॉर्बिटॉल, ९६५ माल्टिटॉल, ९६७ झायलिटॉल, ९६८ इरिथ्रिटॉल. 'स्टीव्हिया' असं ठळक लिहिलेल्या बरणीत प्रत्यक्षात नव्वद टक्क्यांहून जास्त इरिथ्रिटॉल असणं अगदी सर्रास आहे. त्यात बेकायदा काही नाही, पण आपण नेमकं काय खातोय हे ठाऊक असलेलं बरं. का, ते पुढे येईल.

एक उदाहरण: शुगर-फ्री बिस्किटं

समजा, दोन पाकिटं शेजारी ठेवली आहेत. साध्या बिस्किटांत १०० ग्रॅममागे कर्बोदक ७० ग्रॅम, पैकी साखर २० ग्रॅम, चरबी १९ ग्रॅम, ऊर्जा ४८० कॅलरी. 'शुगर-फ्री' बिस्किटांत कर्बोदक ६६ ग्रॅम, साखर ०.५ ग्रॅम, माल्टिटॉल १८ ग्रॅम, चरबी २० ग्रॅम, ऊर्जा ४४० कॅलरी. एक बिस्किट १० ग्रॅमचं, आणि खाणारा चार खातो, म्हणजे ४० ग्रॅम.

साध्या बिस्किटांचं कर्बोदक झालं २८ ग्रॅम. शुगर-फ्रीचं २६.४ ग्रॅम, त्यात माल्टिटॉल ७.२ ग्रॅम. पॉलिऑलचा ढोबळ नियम असा की त्याचं निम्मं वजन कर्बोदकातून वजा करायचं (इरिथ्रिटॉल असेल तर पूर्ण वजा करायचं). इथे ३.६ वजा केले की उरतात सुमारे २३ ग्रॅम. म्हणजे चार बिस्किटांमागे फरक पडला ५ ग्रॅमचा, जेमतेम एका चमचा साखरेएवढा. कॅलरींचा फरक १९२ विरुद्ध १७६. आणि त्या २३ ग्रॅमांतला बहुतेक भाग मैद्याचा स्टार्च आहे. स्टार्चला 'शुगर' म्हणत नाहीत, म्हणून पाकिटावरचा दावा खराच ठरतो.

आता तोटा कुठे होतो ते पाहा. साधी चार बिस्किटं खाणारा शुगर-फ्री म्हणून सहा खातो. सहांचं कर्बोदक ३४ ग्रॅम, म्हणजे साध्या चारांपेक्षा जास्त. इन्शुलिनचा डोस कर्बोदक मोजून घेणाऱ्याची चूक वेगळी असते. ही बिस्किटं हिशेबातच न धरल्याने त्याची साखर दोन तासांनी वर गेलेली दिसते. माल्टिटॉलचं पोटाचं दुखणंही आहेच. न पचलेला भाग मोठ्या आतड्यात जाऊन पाणी ओढतो आणि आंबतो, मग पोट फुगतं, जुलाब होतात. म्हणूनच युरोपात १० टक्क्यांहून जास्त पॉलिऑल असलेल्या पदार्थावर 'अतिसेवनाने जुलाब होऊ शकतात' असं छापावं लागतं. मेटफॉर्मिनमुळे पोट आधीच बिघडत असेल तर दोष कुणाचा हे कळत नाही. अशा वेळी आठवडाभर पॉलिऑल पूर्ण बंद करून बघावं आणि डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करू नये.

ग्लुकोमीटरने स्वतः तपासणं

पाकिटावर विश्वास बसत नसेल तर मीटर आहेच. पण तो नीट वापरला नाही तर नसलेला फरक दिसतो. मीटरसाठीच्या आयएसओ १५१९७ मानकानुसार १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वरचं मोजमाप खऱ्या आकड्याच्या १५ टक्के पुढे-मागे असलं तरी ते मान्य धरलं जातं. म्हणजे खरी साखर १६० असताना मीटरने १३६ दाखवले काय किंवा १८४ दाखवले काय, यंत्र बिघडलेलं नसतं. एकदाच मोजून "स्टीव्हियाने माझी वीसने वाढते" असं म्हणण्यात म्हणूनच काही अर्थ नाही.

पद्धत अशी. सकाळी उपाशीपोटी, एकाच वेळेला, चार वेगवेगळ्या दिवशी मोजायचं: दोन दिवस बिनसाखरेचा, बिनदुधाचा चहा किंवा कॉफी, आणि दोन दिवस तेच पेय स्वीटनर घालून. पिण्याआधी, एका तासाने आणि दोन तासांनी आकडा घ्यायचा. मधे काही खायचं नाही, फिरायलाही जायचं नाही. हात साबणाने धुऊन कोरडे करायचे, कारण नुकतंच फळ सोललेल्या बोटावरचा रस आकडा कितीतरी वर नेतो. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी दोन तास उपाशी राहू नये. त्यांनी रोजचाच ठरलेला नाश्ता चारही दिवशी तसाच आणि तेवढाच ठेवून तुलना करावी.

साध्या चहाचे दिवस लागतात कशाला? कारण पहाटेच्या हार्मोन्समुळे काहींची साखर न खाताही सकाळी चढत जाते. समजा साध्या चहाला १२८, १३९, १३४ असे आकडे आले आणि सुक्रालोजच्या गोळीसोबत १२५, १३८, १३०. दुसरीच ओळ एकटी पाहिली तर "तेराने वाढली" असं वाटेल. पहिली शेजारी ठेवली की कळतं, गोळीने काहीच केलेलं नाही. पदार्थ माल्टिटॉलचा असेल तर तीन तासांचाही आकडा घ्या, कारण त्याची चढण उशिरा येते. दोन्ही जोड्यांत तोच कल दिसला आणि फरक ३० किंवा अधिक असला, तरच त्याला खरा म्हणा.

बऱ्याचदा या तपासणीत भलताच गुन्हेगार सापडतो. दुधात १०० मिलिलिटरमागे साधारण ५ ग्रॅम लॅक्टोज असतं. दिवसातून पाच कप दुधाळ चहा पिणाऱ्याने साखरेऐवजी गोळी टाकली तरी दुधातली पंचवीसेक ग्रॅम साखर पोटात जातेच, आणि बोल मात्र गोळीला लागतात.

किती चालतं

प्रत्येक स्वीटनरची दिवसाची स्वीकार्य मात्रा वजनाच्या हिशेबात ठरवलेली असते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ज्या मात्रेला अपाय दिसला नाही, तिला बहुधा १०० ने भागून ती काढतात. ॲस्पार्टेमसाठी ही मात्रा किलोमागे ४० मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेनेच दिलेला हिशेब असा: एका कॅन डाएट पेयात २०० ते ३०० मिलिग्रॅम ॲस्पार्टेम धरलं, तर ७० किलोच्या माणसाला ही मर्यादा ओलांडायला दिवसाला ९ ते १४ कॅनहून जास्त प्यावे लागतील. सुक्रालोजची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे १५ मिलिग्रॅम आहे, अमेरिकेने ५ ठेवली आहे. कडक आकडा धरला तरी ६० किलोच्या माणसाला २५ पुड्या होतात. मोठ्यांना ही मर्यादा सहसा अडवत नाही. १५ किलोच्या मुलाचं गणित मात्र वेगळं आहे, तिथे त्याच्या वाट्याला जेमतेम सहा पुड्या येतात.

दोन पथ्यं बिनशर्त पाळायची. फिनाइलकिटोनुरिया हा जन्मजात विकार असलेल्यांनी ॲस्पार्टेम घेऊ नये, कारण त्यातलं फिनाइलॲलानिन त्यांच्या शरीरात साचतं. आणि झायलिटॉलचं काहीही कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नये, थोड्या मात्रेनेही त्याची साखर धोकादायकरीत्या घसरते.

स्वयंपाकात ॲस्पार्टेम शेवटी, गॅस बंद करून घाला. उकळत राहिलं की ते तुटतं आणि गोडी जाते. सुक्रालोज उकळीला टिकतं, पण जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेने २०१९ मध्ये असं सांगितलं की १२० अंशांच्या वर तापवल्यास त्यातून क्लोरीनयुक्त घातक संयुगं तयार होऊ शकतात. त्यामुळे भाजणं-तळणं झाल्यावरच ते घालावं.

जे अजून ठरलेलं नाही

मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी बिनसाखरेचे स्वीटनर वापरू नयेत. ही बातमी मधुमेहींपर्यंत "स्वीटनर बंद करा" अशी पोहोचली. प्रत्यक्षात ती शिफारस सशर्त होती, आधीच मधुमेह असलेल्यांना तिच्यातून स्पष्टपणे वगळलं होतं आणि पॉलिऑल तिच्यात नव्हतेच. तिच्यामागचा पुरावा दोन तोंडांचा आहे. अल्पकाळाच्या प्रयोगांत साखरेऐवजी स्वीटनर दिल्यावर वजन थोडं उतरतं. वर्षानुवर्षं लोकांवर लक्ष ठेवणाऱ्या अभ्यासांत मात्र स्वीटनर जास्त घेणाऱ्यांत मधुमेह आणि हृदयविकार जास्त दिसतात. फ्रान्समधल्या एक लाखाहून अधिक लोकांच्या पाहणीतही २०२२ मध्ये हृदयविकाराशी असाच संबंध दिसला. पण ज्यांचं वजन किंवा साखर आधीच वाढू लागली आहे तेच लोक स्वीटनरकडे वळतात. त्यामुळे कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे अशा पाहणीतून पूर्णपणे वेगळं काढता येत नाही.

आतड्यातल्या जिवाणूंचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. इस्रायलमधल्या संशोधकांनी २०२२ मध्ये १२० निरोगी माणसांना दोन आठवडे मर्यादेच्या आतल्या मात्रेत वेगवेगळे स्वीटनर दिले. सॅकरिन आणि सुक्रालोजच्या गटांत ग्लुकोज पचवण्याची क्षमता घटली, ॲस्पार्टेम आणि स्टीव्हियाच्या गटांत घटली नाही, आणि माणसागणिक फरक मोठा होता. उलट टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांना तीन महिने रोज ६६७ मिलिग्रॅम सुक्रालोज दिलेल्या २००३ च्या प्रयोगात एचबीए१सी बदललं नाही. ही मात्रा पन्नासहून अधिक पुड्यांएवढी आहे. मग खरं काय? दोन्ही प्रयोग बरोबर असू शकतात. पहिल्यातले लोक निरोगी आणि स्वीटनर न घेणारे होते, तर दुसऱ्यात सुक्रालोज कॅप्सूलमधून दिलं होतं, म्हणजे जिभेला गोडी कळलीच नव्हती. २०२० च्या एका लहान प्रयोगात नुसत्या सुक्रालोजच्या पेयाने काही झालं नाही, पण सुक्रालोज आणि माल्टोडेक्स्ट्रिन एकत्र दिल्यावर इन्शुलिनची परिणामकारकता घटलेली दिसली. त्यावरून ठाम काही म्हणता येत नाही. तरी भराव नसलेली गोळी पुडीपेक्षा पसंत करायला हे एक जादा कारण आहे.

ॲस्पार्टेमला जुलै २०२३ मध्ये कर्करोग संशोधन संस्थेने 'कर्करोगकारक असू शकेल' अशा २बी गटात टाकलं. हा गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते सांगत नाही. त्याच वेळी मात्रा ठरवणाऱ्या समितीने ४० मिलिग्रॅमची मर्यादा कायम ठेवली.

सध्या सगळ्यात जास्त सावधगिरी मी इरिथ्रिटॉलबाबत सुचवेन. क्लीव्हलंड क्लिनिकच्या गटाने २०२३ मध्ये रक्तात इरिथ्रिटॉल जास्त असलेल्यांना हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात जास्त येतो असं दाखवलं. यावरचा आक्षेप वाजवी होता: शरीर स्वतःच ग्लुकोजपासून इरिथ्रिटॉल बनवतं आणि चयापचय बिघडलेल्यांत ते जास्त बनतं, तेव्हा रक्तातला आकडा खाण्याचा पुरावा ठरत नाही. पण त्याच गटाने २०२४ मध्ये २० निरोगी माणसांना ३० ग्रॅम इरिथ्रिटॉल किंवा ३० ग्रॅम ग्लुकोज पाजून पाहिलं, आणि रक्ताची गुठळी बनवणाऱ्या बिंबिका अधिक चिकट झाल्या त्या इरिथ्रिटॉलनंतर, ग्लुकोजनंतर नाही. झायलिटॉलबद्दलही तसेच निष्कर्ष आले आहेत. यातून प्रत्यक्ष झटके वाढतात का, हे सांगणारा दीर्घ प्रयोग झालेला नाही. तोवर ज्यांना आधी झटका आला आहे, स्टेंट बसवला आहे किंवा पक्षाघात झाला आहे त्यांनी एका बैठकीला ३० ग्रॅमच्या घरात जाणारे इरिथ्रिटॉलचे केक, आइस्क्रीम आणि गोड पेयं टाळावीत. टूथपेस्ट किंवा च्युइंगममधल्या कणभर झायलिटॉलची चिंता नको.

साखर घसरते तेव्हा

स्वीटनर हमखास नुकसान करतं असा एक प्रसंग आहे. साखर ७० च्या खाली गेली, घाम फुटला, हात थरथरू लागले आणि घाईत हाताला लागलं ते डाएट पेय पाजलं, तर साखर वर येणार नाही आणि मोलाची मिनिटं जातील. तेव्हा १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, १५ मिनिटांनी मोजायचं, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडातून काहीही न देता तातडीची वैद्यकीय मदत बोलवायची. घरात साखर ठेवणंच बंद केलेल्यांनी ग्लुकोजच्या गोळ्या वेगळ्या डब्यात, नाव लिहून ठेवाव्यात, नाहीतर स्वीटनरच्या गोळ्यांशी गल्लत होते. आणि अकार्बोज घेणाऱ्यांना साधी साखर देऊन भागत नाही. ते औषध साखर तोडणारं विकरच अडवतं, त्यामुळे त्यांच्यासाठी शुद्ध ग्लुकोजच लागतं.